आक्काच्या गोठ्याचा बॅनर

कृष्णातनं म्हैस दाखवायची ठरवली की तो आधी माणसं बाजूला काढतो. "व्हा कडंला, उजेड सोडा." मग दावं धरून म्हशीला आडवी उभी करतो. तोंड डावीकडं, शेपूट उजवीकडं. पाठ सरळ दिसली पाहिजे, शिंगाची कमान दिसली पाहिजे, आणि मागच्या पायांमधली भरलेली कास तर दिसलीच पाहिजे. नंतर स्वतः मागच्या पायाशी उकिडवा बसतो आणि कासेकडं असा हात करतो, की जणू पडदा वर गेलाय आणि मुख्य पात्र रंगमंचावर आलंय.

"समोरनं म्हस दाखवणारा कायतरी लपवत असतोय," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. "तोंड बघून दूध निघतंय व्हय?"

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर त्याच्या दोन म्हशी संध्याकाळी उभ्या असतात. लोक येतात, समोर धार काढून घेतात, फेसासकट पेला तोंडाला लावतात. गर्दीशी बोलायचं, थट्टा करायची, हे कृष्णातचं काम. धार काढायची ती आक्कानं. आक्का त्याची थोरली बहीण. कुरुंदवाडला दिली होती. नवरा गेला, पोरबाळ नव्हतं, माहेरी परत आली आणि आली तशी गोठ्यातच शिरली. वैरण, शेण, धार, आजारपण, सगळं तिच्याकडं. सकाळी गोठ्याच्या दारातून तिचा आवाज आला की गल्ली उठते. गजरी नावाची म्हैस तर दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू देत नाही.

चॅनेल सुरू झाला तोही आक्काच्या तोंडामुळं. कृष्णातची लेक ऐश्वर्या कॉमर्सला आहे. गजरी पान्हा सोडत नव्हती आणि आक्का तिला बोलत होती, तेवढं पोरीनं सहज फोनवर घेतलं.

"शानी हाईस व्हय गं? आं? सकाळधरनं सरकी खाल्लीस, पेंड खाल्लीस, आणि आता तोंड फिरवून उभी? सासरी न्हाय आलीस, माझ्या दारात हाईस तू. सोड मुकाट्यानं."

आणि गजरीनं सोडला. तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. लोक लिहायला लागले, आक्कांना अजून दाखवा, आक्का आमच्या आईसारख्या बोलतात, आक्का आम्हालाही रागवा. ऐश्वर्यानं चॅनेलला नाव दिलं ‘आक्काचा गोठा’. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात, तेव्हा चॅनेल बघणारे वाढणार. त्याच्या आधी चॅनेलच्या माथ्यावर लावायला झकास बॅनर हवा, असं कृष्णातच्या मनानं घेतलं.

चित्र काढून देणारं ॲप ऐश्वर्याच्या फोनमध्ये होतं. काय हवं ते लिहून किंवा बोलून सांगायचं, त्याला ती प्रॉम्प्ट म्हणते. सोबत आपले फोटो दिले तर चित्रात तीच माणसं येतात.

"आबा, आधी एक ठरवा," ती म्हणाली. "बॅनर टीव्हीवर आख्खा दिसतो. कॉम्प्युटरवर आडवा पट्टा दिसतो. पण फोनवर दोन्ही बाजू कापल्या जातात, वरखालचंबी जातं. उरतो तो मधला तुकडा. आणि आपला चॅनेल बघणारी सगळी फोनवाली. तवा मधी काय ठेवायचं ते पयला सांगा, मग प्रॉम्प्ट लिहितो."

"ठरलंय की. कास."

"कास?"

"मग? गवळ्याचा बॅनर हाय का फेट्याच्या दुकानाचा? लिही तू."

आणि त्यानं खाटेवर मांडी ठोकून सांगितलं, नाटकातला राजा फर्मान सांगतो तसं. "रुंद चित्र. काळी कुळकुळीत म्हस चित्रभर आडवी उभी. डावीकडं तोंड. भरलेली कास बरोब्बर मधोमध. तोंडाजवळ आक्का, शिंगाला हात लावून. कासंजवळ मी बसलेला. फेटा बांधून."

"मग आत्ती एकदम कडंला जाती, आबा."

"जाऊ दे की. टीव्हीवर दिसतीया न्हवं?"

"फोनवर न्हाय दिसायची. म्हशीचं तोंडबी न्हाय."

"आक्काला कुठं हौस हाय फोटोची? तुझं आपलं कायतरी. लिही."

ऐश्वर्यानं लिहिलं. फोटो जोडले. चित्र आलं ते खरंच देखणं होतं. गजरीची पाठ तलवारीसारखी, शिंगं मागं वळलेली, डाव्या टोकाला इरकली लुगडं नेसलेली आक्का, तिचा हात शिंगावर. ॲपला मराठी अक्षरं नीट काढता येत नाहीत, म्हणून चित्र कोरं घेऊन ‘आक्काचा गोठा’ हे नाव पोरीनं नंतर टाकलं, मधोमध, पोटाच्या वरच्या बाजूला. नाव तरी कापलं जाऊ नये एवढं तिनं बघितलं.

चॅनेलवर चढवताना चित्रावर चौकटी येतात. मोठी टीव्हीची, मधली कॉम्प्युटरची, आणि सगळ्यात आत एक लहान, जी सगळीकडं दिसते. कृष्णातनं चष्मा लावून बघितलं. लहान चौकटीत कास अशी बसली होती की माप घेऊन ठेवल्यासारखी. शेजारी त्याचं स्वतःचं हसरं तोंड.

"बसली का न्हाय बरोबर? आता दाब."

तिनं दाबलं. मग घरातल्या टीव्हीवर चॅनेल उघडून सगळ्यांना दाखवला. आक्का वैरण टाकून आली होती, दारातच उभी राहिली. पदरानं हात पुसत बराच वेळ बघत राहिली.

"ती मी हाय व्हय?"

"तूच की. दुसरी कोण?"

"बरी दिसतीया," आक्का म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी भिशीत तिनं अंबूबाईला सांगितलं. अंबूबाईनं बाकीच्यांना सांगितलं. टीव्हीवर आक्का आली, शिंगाला हात लावून उभी आहे, इरकलीतली. हे कृष्णातला कुणी सांगितलं नाही. बायकांच्या भिशीतलं त्याला कोण सांगणार?

संध्याकाळी कट्ट्यावर गर्दी होती. आक्का गजरीखाली बसली होती, बादली गुडघ्यात. मलकापूरकडचा एक पाहुणा पेला संपवून मिशी पुसत म्हणाला, "ह्याच त्या व्हिडिओवाल्या आक्का न्हवं? आमची मंडळी बघत असती रोज."

"ह्याच ह्याच," कृष्णात पुढं झाला. "नवा बॅनर बघितला का न्हाय, पावणं? उघडा की."

पाहुण्यानं फोन उघडला. बघितलं. पुन्हा बघितलं. फोन आडवा केला, परत उभा केला.

"ह्यात आक्का कुठं हाईत?"

अमरसिंह शेजारच्या म्हशीचा मालक. जीभ सैल. त्यानं पाहुण्याच्या खांद्यावरून डोकावलं आणि मोठ्यानं वाचलं, "आक्काचा गोठा! आणि खाली..." पुढं त्याला हसू आवरेना. "कृष्णात, लेका, वर आक्काचं नाव आणि खाली निसती कास! आणि तू शेजारी बसून दात काढतोयस!"

हसू पसरायला काय लागतं? एकानं आपला फोन काढला, दुसऱ्यानं काढला. प्रत्येकाच्या हातात तेच. पोट, कास, फेटेवाला कृष्णात. वर नाव आक्काचं. कोण तरी मागून म्हणालं, "आक्का, लई फेमस केलं की तुम्हाला भावानं," आणि त्या बोलण्यात जो घाणेरडा भाग होता तो कळून दोन माणसांनी तोंडं फिरवली. अंबूबाईही दूध न्यायला आली होती. तिच्या हातात किटली, नजर जमिनीवर.

धारेचा आवाज थांबला नाही. बादलीत फेस चढत होता, चर्र चर्र. सड रिकामा झाल्यावर आक्का उठली, हात पुसले, पाहुण्याकडं हात केला.

"बघू."

तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितला. वर केला, खाली केला. कृष्णातनं म्हशीच्या पाठीवरची नसलेली माशी हाकलली.

"चांगला हाय," आक्का म्हणाली आणि फोन परत दिला. "अंबूबाई, किटली आण."

बस्स. ती ओरडली असती, चार शिव्या हाणल्या असत्या, तर कृष्णातला बरं वाटलं असतं. गजरीला जी बोलते ती भावाला बोलली नाही. घरी जाताना ती पुढं, म्हशी मधे, तो मागं. रोज तो शेजारून बडबडत चालतो. त्या दिवशी रंकाळ्याच्या वाऱ्यात त्याच्या चपलांचा करकराटच काय तो बोलत होता.

ऐश्वर्यानं बॅनर त्याच संध्याकाळी काढून टाकला. पण चॅनेलवर आता आक्काच नव्हती. पोरीनं फोन काढला की आक्का बादली उचलून गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जायची. "आत्ती, दोन शब्द की गं." "दोन शब्द तुझ्या बापाकडून घे. तोंड हाय की त्याला." डोक्यावरचा पदर, जो कामात कधी टिकत नसे, तो आता कपाळापर्यंत आलेला.

कृष्णातनं स्वतः एक व्हिडिओ केला. "नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत..." आणि पुढं काय बघणार आहोत ते त्याला सुचेना. खाली लोकांनी एकच लिहिलं, आक्का कुठं आहेत? त्यानं फोन उलटा ठेवला. पालथा फोनसुद्धा तोच प्रश्न विचारतोय असं त्याला वाटत होतं.

कट्ट्यावर त्याचा आवाज उतरला. अमरसिंहनं एकदा विषय काढला, "अरे मस्करी केली, मनावर घेतलीस व्हय?"

"तुझं काय न्हाय रे," कृष्णात म्हणाला. "तू बघितलंस ते बोललास. मी चौकटीत बघून बसवलतो."

हे खरं दुखणं होतं. चूक झाली, कळलं नाही, असं म्हणायची सोयच नव्हती. पोरीनं सांगितलं होतं. चौकट समोर होती. त्यानं चष्मा लावून, नीट बघून, बहिणीला चौकटीबाहेर ठेवलं होतं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर भांडण तरी झालं असतं. ती आपली कडेलाच असते, असते तशी असू दे, एवढंच.

दुपारी आक्का गोठ्यात सरकी भिजत घालत होती. तो दारात येऊन उभा राहिला. आत यावं का, हे आपल्याच गोठ्यात त्याला कळेना.

"आक्का."

"हं."

"नवीन बॅनर करायचा म्हणतोय."

"कर की."

"तुला ईचारून करावा म्हटलं. मधी काय ठिवू?"

सरकीतला हात थांबला. "आता ईचारतोयस?"

तो उंबऱ्याजवळची सांडलेली वैरण पायानं आत सारायला लागला.

"मला हौस न्हाय, आसं तू ऐश्वर्याला म्हणालास. व्हय का न्हाय? मी गोठ्याच्या दारात हुतो तवा, तेवढंच ऐकलो." आक्का अजून त्याच्याकडं बघत नव्हती, पण आवाजाला धार आली होती. "आरं, मला हौस न्हाय हे तुला कुणी सांगितलं? कधी ईचारलंतास? लग्नात फोटो काढलेला एकच, त्यात मी खाली बघितलोय. त्यानंतर मला कुणी म्हटलं न्हाय, आक्का, हिकडं बघ. टीव्हीवर बघितलं तवा वाटलं, बरी दिसतोय मी. अंबूबाईला सांगितलो. आख्ख्या भिशीला सांगितलो, कृष्ण्या. आणि कट्ट्यावर..."

तिनं वाक्य सोडून दिलं. कृष्णातनं उंबऱ्याकडं बघितलं. साठीला आलेल्या माणसाला रडू येत नाही, नाकाला सर्दीसारखं काहीतरी होतं, तसं झालं.

"चुकलं," तो म्हणाला. एवढंच आलं.

"चुकलंच," आक्का म्हणाली. "मधी माझं तोंड ठेव. हात नको. धार काढताना हात सगळ्यांनी बघितल्यात. तोंड. आणि गजरीचं तोंड. ती एकटी माझं ऐकती."

"गजरी समोरनं?"

"मग मागनं?"

समोरून म्हैस. गिऱ्हाइकांना आयुष्यभर जे करू नका म्हणून सांगितलं तेच. त्यानं मान डोलावली.

ऐश्वर्यानं या वेळी आधी वर्तमानपत्राचा एक मोठा कागद टीव्हीएवढा केला आणि त्याच्या मध्यावर खिडकी कापली. रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त, उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. "फोनवर एवढंच दिसतं," तिनं कागद टीव्हीवर धरला. "एवढंसंच?" कृष्णात म्हणाला. त्याला ती खिडकी बघवेना. पोस्टाच्या पेटीच्या फटीसारखी. एवढ्यातून आपण कास दाखवली.

पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, आक्का आणि म्हैस मधोमध, समोर बघत. ॲपनं मधोमधच काढली, पण एवढी मोठी, की खिडकीतून गजरीचं नाक आणि आक्काची हनुवटी दिसली. शिंगं गेली, कपाळ गेलं.

"मधोमध म्हटलं की त्याला मोठं वाटतंय," ऐश्वर्या म्हणाली. "लांबून सांगाय पायजे. लहान सांगाय पायजे."

कृष्णातनं सांगायला सुरुवात केली. या वेळी मांडी ठोकली नाही. शब्द निवडून, अडखळत.

"रुंद चित्र. लांबून घेतलेलं. गोठा मोठा, माणूस आणि म्हस लहान. अगदी मधी आक्का आणि गजरी, तोंडाजवळ तोंड, दोघी समोर बघतात. शिंगांसकट दोघींची डोकी मधल्या आडव्या पट्ट्यात बसली पायजेत, वर आणि खाली जागा सोडून. शिंगं कापायची न्हाईत. दोन्ही बाजूला निसती गोठ्याची भित आणि वैरण. तिथं महत्त्वाचं काय नको." मग चष्मा पुसत, "तिथं मी. उजव्या टोकाला. शेणाची पाटी घेऊन."

"आबा, तिथं तुम्ही फोनवर दिसणार न्हाय."

"ठावं हाय."

"नकोच मग तुम्ही."

"गोठ्यात हाय तर चित्रात आसंन की. कडंला. लिही."

आकडे सांगून ॲप ऐकत नाही, अंदाजानं काढतं. म्हणून प्रत्येक चित्र टीव्हीवर टाकायचं आणि कागद धरायचा. एकात शिंगाचं टोक कापलं गेलं. एकात आक्का खिडकीच्या कडेला सरकली, कृष्णातनं स्वतःच "न्हाय न्हाय" म्हणून हात हलवले. एकात सगळं जुळलं, पण आक्का तिशीतली झाली होती. ते त्यानं आक्काला न दाखवताच खोडायला लावलं. शेवटी एक आलं. खिडकीत दोन तोंडं, वर शिंगांची पूर्ण कमान, आक्काच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या जिथल्या तिथं. तोंडांच्या डावीकडं मोकळी भिंत होती. ऐश्वर्यानं तिथं, खिडकीच्या आतच, नाव टाकलं. चढवल्यावर आधी तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून बघितलं, मगच टीव्ही.

कृष्णात फोन घेऊन गोठ्यात गेला. आक्का गजरीला पाणी दाखवत होती. त्यानं फोन पुढं केला आणि स्वतः भिंतीकडं बघत उभा राहिला.

आक्कानं बघितलं. बोटानं मोठं करून बघितलं. हे मोठं करायचं तिला कुणी शिकवलं, त्याला ठाऊक नव्हतं. काय काय ठाऊक नाही, याची यादी त्या आठवड्यात लांबतच चालली होती.

"गजरीचा डावा कान आसा न्हाय," ती म्हणाली.

"बदलू?"

"ऱ्हाऊ दे. मी बरी हाय."

"बरी हाईस."

"अंबूबाईला पाठव. आणि भिशीतल्या समद्यांना. अमरसिंगाला आधी."

त्यानं पाठवलं. अमरसिंहचं उत्तर आलं, हात जोडलेलं चित्र, बाकी काही नाही. अंबूबाईनं फोन केला, आणि ती काय बोलली ते आक्का कोपऱ्यात जाऊन ऐकत होती. मधेच एकदा तिचं हसू ऐकू आलं. कृष्णातला त्या हसण्यात जागा नव्हती, आणि ते बरोबरच होतं. माफ केलं असं आक्का म्हणाली नाही. जेवताना त्याला भाकरी वाढली ती नेहमीसारखी, पण ताटाकडं बघून. कट्ट्यावर ते हसू अजून कुणाच्या तरी तोंडी असणार. बॅनर बदलता येतो, हसून झालेलं माघारी घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐश्वर्या कॉलेजला गेली होती. आक्का गजरीखाली बसली आणि पदर मागं टाकला.

"कृष्ण्या. फोन आण."

तो आला. तिच्यासमोर उकिडवा बसला, दोन्ही हातांनी फोन धरला. पडद्यावर तिचं तोंड आलं. सरळ, त्याच्याकडं बघणारं. त्यानं नजर खाली घेतली, तसा फोनही खाली गेला.

"काय धरलायस त्यो?" आक्का ओरडली. कितीतरी दिवसांनी ओरडली. "वर घे. माझ्या तोंडावर घे."

त्यानं घेतला.

"हं," आक्का म्हणाली, आणि गजरीकडं वळून बोलायला लागली.